वर्तुळाचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढताना पाव हिस्सा कुठे गळतो?

पीयूसी_नंतर

नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. व्यासाभोवती वर्तुळाचा मोमेंट ऑफ इनर्शिया इंटिग्रेशननं काढायचा आहे. पुस्तकातलं उत्तर πr⁴/4, माझं 3πr⁴/16. बरोबर तीन चतुर्थांश येतंय, म्हणजे आकडेमोडीत सांडलेलं नाही, पद्धतीतच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

मी केलं ते असं. आडवा व्यास हा x अक्ष. वर्तुळाच्या उभ्या पट्ट्या पाडल्या, प्रत्येकीची रुंदी dx. अक्षाच्या वर पट्टीची उंची y, खालीही y. वरच्या अर्ध्या पट्टीचं क्षेत्रफळ y dx आणि तिचा मध्य अक्षापासून y/2 वर. म्हणून

```
dI = 2 · (y/2)² · y dx = (y³/2) dx
I  = (1/2) ∫ (r² − x²)^(3/2) dx,   x = −r ते r
   = (1/2) · (3π/8) r⁴ = 3πr⁴/16
```

यावरून रेडियस ऑफ गायरेशन ०.४३३r येते. पुस्तकात r/2 आहे. आणखी एक शंका. रेडियस ऑफ गायरेशन म्हणजे सगळं क्षेत्रफळ ज्या अंतरावर गोळा केल्यासारखं धरायचं ते अंतर, असं वर्गात सांगितलंय. मग ते सरासरी अंतर का नाही? अर्धवर्तुळाचा सेंट्रॉइड तर 4r/3π वर, म्हणजे ०.४२४r वर असतो. माझं उत्तर त्याच्या जवळ आलं म्हणून जास्तच गोंधळ उडालाय.

तिसरं_रेल्वेगेट

उभ्या पट्ट्या चालतच नाहीत बघ. ज्या अक्षाभोवती काढायचंय त्याला समांतरच पट्टी घ्यावी लागते. आडव्या पट्ट्या घे, येतंय की नाही बघ:

```
I = ∫ y² · 2√(r² − y²) dy,   y = −r ते r
```

y = r sinθ ठेव. सगळं मिळून 2r⁴ ∫ sin²θ cos²θ dθ होतं, −π/2 ते π/2. त्या इंटिग्रलची किंमत π/8. उत्तर πr⁴/4. संपलं.

घटप्रभा

@तिसरं_रेल्वेगेट, उत्तर बरोबर आहे, पण "चालतच नाहीत" हे नाही पटलं. उभ्या पट्ट्या अगदी चालतात. फक्त त्या पट्टीचा प्रत्येक कण अक्षापासून वेगळ्या अंतरावर आहे, हे विसरून चालत नाही.

@पीयूसी_नंतर, तुझी वरची अर्धी पट्टी डोळ्यासमोर आण. तिचं खालचं टोक अक्षाला टेकलंय, वरचं टोक y वर. तू सगळी पट्टी मध्यावर, y/2 वर, गोळा केलीस. अंतराचा वर्ग घ्यायचा नसता तर हे बरोबर ठरलं असतं. पण इथे वर्ग आहे. मध्याच्या वर जेवढं सरकू तेवढा वर्ग जास्त वाढतो, आणि खाली तेवढंच सरकलं की त्यापेक्षा कमी घटतो. दोन्ही बाजू एकमेकींना खात नाहीत, वरची बाजू थोडी उरते. तेच तुझं गळालेलं.

किती गळालं तेही मोजता येतं. पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरममधे दोन पदं असतात. क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग हे एक, आणि तुकड्याचा स्वतःच्या मध्याभोवतीचा एम.आय. हे दुसरं. तू पहिलंच घेतलंस. दुसरं प्रत्येक अर्ध्या पट्टीसाठी y³/12 dx. दोन अर्ध्या मिळून y³/6 dx, त्याचं इंटिग्रेशन (1/6)(3π/8)r⁴ = πr⁴/16. तुझ्या 3πr⁴/16 मधे हे मिळव. 4πr⁴/16. पुस्तकाचं उत्तर.

पीयूसी_नंतर

अरे वा, अगदी काटेकोर बसलं! पण मग आडव्या पट्टीत ते दुसरं पद का नाही लागत? तिलाही dy एवढी उंची आहेच की.

घटप्रभा

लागतं, पण ते (dy)³ च्या घरातलं आहे. पट्टीची रुंदी b म्हटली तर पहिलं पद y² b dy आणि दुसरं b(dy)³/12. पट्ट्या दुप्पट केल्या की dy निम्मं होतं. दुसऱ्या पदाची प्रत्येकी किंमत एक अष्टमांश होते आणि पट्ट्या दुप्पट, म्हणून एकूण बेरीज चौथाईवर येते. पट्ट्या बारीक करत गेलं की ते शून्याकडे जातं. तुझ्या उभ्या पट्टीत उंची y ही dx बरोबर बारीक होतच नाही. पट्ट्या हजार पाड की दहा हजार, गळती तेवढीच राहते. चूक कुठल्या जातीची आहे हे ओळखायची ही चांगली खूण आहे.

वर्कशॉप_खानापूर

तुम्ही सगळे r/2 म्हणताय, पण चकतीची रेडियस ऑफ गायरेशन r/√2 असते, म्हणजे ०.७०७r. फ्लायव्हीलचा हिशोब आम्ही कायम त्यावर करतो. सहाशे मिलिमीटर व्यासाची भरीव चकती असेल तर k दोनशे बारा धरतो आणि गणित बरोबर येतं. तुमच्या हिशोबानं दीडशे होईल, म्हणजे ऊर्जा निम्मीच निघेल. पुस्तकात छापताना चुकलं असेल.

मलप्रभा_काठ

दादा, तुमचा आकडा बरोबर आणि पुस्तकाचाही बरोबर. अक्ष वेगळा आहे. फ्लायव्हील फिरतं ते चकतीला लंब असलेल्या शाफ्टभोवती. धाग्यातला प्रश्न चकतीच्याच प्रतलात असलेल्या व्यासाचा आहे, म्हणजे पोळी लाटण्यावर आडवी टाकून लाटणं फिरवावं तसा अक्ष. व्यासाजवळ बरंच क्षेत्रफळ अक्षाला चिकटून असतं, ते काही भर घालत नाही. म्हणून k कमी. शिवाय तुमचा मोमेंट वस्तुमानाचा, किलोग्रॅम-मीटर वर्गातला. इथला क्षेत्रफळाचा, मिलिमीटरच्या चौथ्या घातातला. सारख्या जाडीच्या चकतीत k दोन्हींकडे जुळते, म्हणून घोळ होतो.

वर्कशॉप_खानापूर

असं होय. मग तुमचा हा व्यासाचा कामाला कुठं येतो?

मलप्रभा_काठ

शाफ्ट वाकतो तिथं. खांब पिचकतो तिथं. पिळाला तुमचा लंब अक्षाचा, वाकायला व्यासाचा.

राजहंस_पायथा

मी तर नेहमी गोल कड्या घेऊन काढतो, साइन-कोसाइनच्या भानगडीत पडायलाच नको. कडीची त्रिज्या ρ, जाडी dρ, क्षेत्रफळ 2πρ dρ. ρ² नं गुणलं, शून्य ते r इंटिग्रेट केलं की πr⁴/2. एका ओळीत. पण हे पुस्तकाच्या दुप्पट येतंय खरं.

घटप्रभा

दुप्पट येणारच, कारण ρ हे केंद्रापासूनचं अंतर आहे, व्यासापासूनचं नाही. तुम्ही @वर्कशॉप_खानापूर यांचंच उत्तर काढलंत. कडीचा व्यासावरचा कण अक्षापासून शून्य अंतरावर आहे आणि नव्वद अंशावरचा ρ वर. सगळ्यांना ρ कसं लावणार? शेवटी दोननं भागा, बस्स. कारण प्रत्येक कणासाठी x² + y² = ρ², आणि वर्तुळ दोन्ही व्यासांकडून सारखंच दिसतं, म्हणून Ix आणि Iy यांचा वाटा समसमान. पण "समान" हे वर्तुळाच्या सममितीमुळे आहे हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. लंबवर्तुळाला हीच युक्ती लावून निम्मं करणारे पुष्कळ आहेत.

तिसरं_रेल्वेगेट

बरं, उभ्या पट्ट्यांबद्दलचं माझं वाक्य मागे. पण परीक्षेत आडवीच घे, असं मी अजूनही म्हणेन. कमी चुका होतात.

चिकोडी_रोड

आडव्या पट्टीतही एक नेहमीची चूक आहे, वह्या तपासताना दर वेळी दिसते. y = r sinθ ठेवतात, y² चं r² sin²θ करतात, रुंदीचं 2r cosθ करतात, आणि dy च्या जागी नुसतं dθ लिहून मोकळे होतात. मग येतं 2r³ ∫ sin²θ cosθ dθ, म्हणजे 4r³/3. गणित वाहत वाहत जातं, सुंदर उत्तर येतं, आणि चुकीचं असतं. पकडायचं कसं? r चा घात बघा. क्षेत्रफळाचे दोन घात आणि अंतराच्या वर्गाचे दोन, मिळून चारच हवेत. तीन आले की कुठेतरी एक r cosθ सांडलाय. मागे जाऊन dy च्या ओळीवर बोट ठेवायचं.

दुसरी चूक मर्यादांची. θ आला तरी मर्यादा −r ते r च ठेवतात. आणि कॅल्क्युलेटर डिग्रीत असेल तर π/2 च्या जागी ९० घालतात, मग उत्तर काय वाटेल ते येतं.

पीयूसी_नंतर

सूत्र पाठ न करता आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतः ताडून बघायची काही रीत आहे का? πr⁴/4 आणि 3πr⁴/16, दोन्हींत चार घात आहेत. युनिटवरून हे पकडता येत नाही.

मलप्रभा_काठ

आहे. आलेख कागदावर दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढ आणि आडव्या, दोन सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या पाड. वरच्या अर्ध्यात पाच पट्ट्या होतील, त्यांचे मध्य १, ३, ५, ७ आणि ९ सेंटिमीटरवर. प्रत्येकीची रुंदी मध्यावर मोज: १९.९, १९.१, १७.३, १४.३, ८.७. रुंदी गुणिले दोन हे क्षेत्रफळ, त्याला मध्याच्या अंतराच्या वर्गानं गुण. साधारण असं येईल:

```
y=1 :   40
y=3 :  343
y=5 :  866
y=7 : 1400
y=9 : 1412
बेरीज 4061, दुप्पट 8122
```

πr⁴/4 मधे r दहा ठेवला की ७८५४. तुझ्या चुकलेल्या सूत्रानं ५८९०. पाच पट्ट्यांची ओबडधोबड बेरीजसुद्धा सुमारे साडेतीन टक्क्यांत खऱ्या उत्तराजवळ येते. ५८९० च्या तर आसपासही नाही. अशी बेरीज हाताशी असली की कुठलं सूत्र खरं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता त्याच यादीकडे परत बघ. वरच्या दोन पट्ट्या, सात आणि नऊवाल्या, क्षेत्रफळात तीस टक्क्यांहून कमी आहेत. पण एम.आय. मधे त्यांचा वाटा जवळजवळ सत्तर टक्के. अक्षाला चिकटलेली पहिली पट्टी सगळ्यात रुंद, आणि तिचा वाटा एक टक्का. यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लांबच्या क्षेत्रफळाला वर्गामुळे जास्त वजन मिळतं, म्हणून रेडियस ऑफ गायरेशन सरासरी अंतरापेक्षा नेहमी मोठीच येते. ०.४२४r हे सरासरी अंतर, ०.५r हे वर्गांच्या सरासरीचं मूळ. दोन्ही वेगळ्या कामाची. तुझं ०.४३३ त्याच्या जवळ आलं तो निव्वळ योगायोग.

शेड_उद्यमबाग

विषय निघालाच आहे तर आमचंही एक सांगा ओ. शेडच्या मधल्या खांबाला पाइप घालणार आहे. बाहेरचा व्यास ६०.३, जाडी ३.६, उंची तीन मीटर. गिऱ्हाईक म्हणतंय पाइप नको, तेवढ्याच व्यासाचा भरीव बार घाला, मजबूत होईल. मी k काढली √(D² − d²)/4 नं. पाइपची ७.१ आली आणि बारची १५.१. म्हणजे गिऱ्हाईकाचंच खरं?

घटप्रभा

वजाबाकी नाही, बेरीज. पोकळ गोलाचा एम.आय. π(D⁴ − d⁴)/64, क्षेत्रफळ π(D² − d²)/4. भागाकार करताना D⁴ − d⁴ चे (D² − d²)(D² + d²) असे अवयव पडतात आणि वजाबाकीचा कटतो. उरतं k = √(D² + d²)/4.

तुमच्या पाइपला आतला व्यास ५३.१. k येते २०.१ मिलिमीटर. पडताळायचं असेल तर अगदी पातळ कडीचं धरा, तिथे k त्रिज्येच्या ०.७०७ पट, म्हणजे २१.३. भरीव बारचं १५.१. पाइपचं उत्तर या दोन्हींच्या मधेच पडायला हवं. सात आलं तिथंच शंका यायला हवी होती.

तीन मीटर उंचीला, दोन्ही टोकं मोकळी फिरणारी धरली तर लांबी भागिले k पाइपला १४९ आणि भरीव बारला १९९. आयएस ८०० मधे नेहमीचा भार घेणाऱ्या खांबाला ही मर्यादा १८० आहे. म्हणजे भरीव बार त्या मर्यादेबाहेर जातो आणि पाइप आत राहतो.

शेड_उद्यमबाग

मग पाइप जास्त वजन घेतो म्हणा की!

घटप्रभा

नाही, तसंही म्हणू नका. बारीक खांब पिचकायला लागणारा भार k वर नाही, I वर ठरतो. बारचा I सुमारे ६ लाख ४९ हजार, पाइपचा २ लाख ५९ हजार. बार पाइपच्या अडीच पट घेईल. पण त्यासाठी धातू जवळजवळ साडेचार पट लागतो, मीटरला पाच किलोऐवजी बावीस. k सांगते ती तेवढ्या धातूचा उपयोग किती चांगला झाला ते. एकूण ताकद सांगायला तिच्यासोबत क्षेत्रफळही लागतं.

मलप्रभा_काठ

याला जोडूनच, खानापूरकडच्या पावसात असले पाइप आतून गंजतात. समजा आतून एक मिलिमीटर जाडी खाल्ली. आतला व्यास ५५.१ झाला. आता k काढून बघा, २०.४ येते. वाढली! क्षेत्रफळ मात्र ६४१ वरून ४७१ वर उतरलेलं. नुसती k बघून जुना पाइप पास करणारा इथे फसतो. जाडी मोजल्याशिवाय काही सांगू नये.

शेड_उद्यमबाग

हे बरं सांगितलंत. तळाला प्लेट वेल्ड करून चार बोल्ट आहेत. मग ती लांबी पूर्ण तीन मीटर धरायची की कमी?

चिकोडी_रोड

प्लेट आणि बोल्ट आहेत म्हणून घट्ट बसलं असं धरू नका. पातळ प्लेट वाकते, बोल्ट प्लेटच्या मध्याजवळ असतील तर आणखी. आणि वरचं टोक बाजूला सरकू शकत असेल, तिरके ब्रेसिंग नसेल, तर लांबी तीन मीटरपेक्षा जास्त धरावी लागते. मग पाइपही १८० च्या बाहेर जाऊ शकतो. जागेवर बघितल्याशिवाय यावर आकडा देता येणार नाही.

घटप्रभा

प्लेट जाड असेल तर थोडी कमी धरायला माझी हरकत नाही. ब्रेसिंगचं मात्र पूर्ण पटलं.

निपाणी_नाका

एक छोटं. अर्धवर्तुळाची त्याच व्यासाभोवती k किती? कुणी घाईत r/4 म्हणतं.

तिसरं_रेल्वेगेट

r/2 च. एम.आय. निम्मा, क्षेत्रफळ निम्मं, भागाकार तोच.

निपाणी_नाका

धन्यवाद. आणि मराठीत याला म्हणायचं काय? जडत्व आघूर्ण म्हटलं की मुलांना वस्तुमान आठवतं, इथे वस्तुमान नाहीच.

राजहंस_पायथा

क्षेत्रफळाचा दुसरा आघूर्ण म्हणावं. "दुसरा" म्हणजे अंतराचा वर्ग, हे नावातच येतं.

चिकोडी_रोड

वर्गात एम.आय. च म्हणतात आणि पेपर इंग्रजीत असतो. नाव बदलून मुलांना आणखी एक शब्द कशाला?

राजहंस_पायथा

कारण @वर्कशॉप_खानापूर यांचा गोंधळ त्या नावामुळेच झाला. माझं मत कायम.

पीयूसी_नंतर

परत मूळ प्रश्नाकडे येतो, एक गोष्ट सुचली ती बरोबर आहे का बघा. अक्षाला टेकलेल्या उभ्या अर्ध्या पट्टीचा खरा एम.आय. y³/3 dx. तिचं क्षेत्रफळ y dx. म्हणजे पट्टीची स्वतःची रेडियस ऑफ गायरेशन y/√3. मी y/2 घातलं होतं, तिथे y/√3 घालायला हवं होतं! तसं केलं तर

```
dI = 2 · (y/√3)² · y dx = (2y³/3) dx
I  = (2/3)(3π/8) r⁴ = πr⁴/4
```

म्हणजे तुकडा एका बिंदूत गोळा करायचाच असेल तर सेंट्रॉइडवर नाही, त्याच्या रेडियस ऑफ गायरेशनच्या अंतरावर गोळा करायचा. वर्गात ऐकलेलं वाक्य आता कळलं.

घटप्रभा

शंभर टक्के बरोबर. @राजहंस_पायथा यांच्या कडीलाही हेच लाव. पातळ कडीची व्यासाभोवतीची k म्हणजे ρ/√2. ρ² ऐवजी ρ²/2 घातलं की शेवटी दोननं भागायचीही गरज नाही, थेट πr⁴/4.

मलप्रभा_काठ

मग @पीयूसी_नंतर, आता भाकरी मोडतो तसे केंद्रापासून त्रिकोणी तुकडे पाड. x अक्षाशी θ कोन करणारा बारीक तुकडा, क्षेत्रफळ (r²/2) dθ. त्याचा सेंट्रॉइड केंद्रापासून 2r/3 वर असतो. अंतर काय घालशील?

पीयूसी_नंतर

सेंट्रॉइड घातला तर (2r/3) sinθ, आणि उत्तर 2πr⁴/9 येतं. पुस्तकापेक्षा कमी, म्हणजे पुन्हा गळती. तुकड्यात ρ² ची सरासरी काढली तर r²/2 येते, म्हणून अंतर (r/√2) sinθ. ते घालून

```
I = ∫ (r²/2) sin²θ · (r²/2) dθ,   θ = 0 ते 2π
  = (r⁴/4) · π
```

या वेळी गळती नवव्या हिस्स्याची होती. पट्टीपेक्षा कमी, कारण त्रिकोणाचं बहुतेक क्षेत्रफळ बाहेरच्या रुंद टोकाशीच असतं.